मायक्रोवेव्हवर डबल स्लिट: मांडणीपासून थिअरीशी जुळवण्यापर्यंत

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला हे प्रॅक्टिकल माझ्या वाट्याला आलं तेव्हा मला वाटलं, चला, सगळ्यात सोपं मिळालं, दोन भोंगे समोरासमोर ठेवायचे, मध्ये दोन फटींचा पत्रा, हात फिरवत रीडिंग घ्यायची आणि तासाभरात कँटीन. प्रत्यक्षात तीन टर्न गेल्या. पहिल्या टर्नला पीक भलत्याच अँगलला आले, दुसऱ्या टर्नला डावी बाजू उजव्या बाजूशी जुळेना, तिसऱ्या टर्नला कळलं की मीटरवरचा आकडा ही इंटेन्सिटी नसतेच. तुमचं तसं होऊ नये म्हणून मी शेवटी ज्या क्रमाने केलं तो क्रम इथे लिहून ठेवतोय.

आमचा सेट १०.५२५ गिगाहर्ट्झचा होता. आत गन डायोड, त्यामुळे फ्रिक्वेन्सी एकच, बदलता येत नाही. वेव्हलेंथ साधारण २.८५ सेमी. तुमच्याकडे क्लिस्ट्रॉनचा बेंच असेल तर फ्रिक्वेन्सी आधी फ्रिक्वेन्सी मीटरने मोजा आणि पुढच्या सगळ्या हिशोबात तुमची वेव्हलेंथ घाला, बाकी पद्धत तीच.

## १. काय काय लागेल

ट्रान्समीटर, रिसीव्हर आणि डिग्रीच्या खुणा असलेला फिरता हात हे सेटमध्ये असतंच. दोन रुंद धातूचे पत्रे आणि मध्ये उभी करायची एक अरुंद पट्टी, म्हणजे पट्टीच्या दोन्ही बाजूंना एक एक फट राहते. याशिवाय स्वतःकडून या गोष्टी न्या:

- मोजायची स्टीलची पट्टी. लाकडी नको, तिच्या कडा झिजलेल्या असतात.
- चपात्या गुंडाळायचा अ‍ॅल्युमिनियम फॉइल, हातभर पुरे.
- खडू किंवा मास्किंग टेप, जमिनीवर आणि टेबलावर खुणा करायला.
- दोरा, दोन्ही भोंगे आणि स्लिट एका रेषेत आहेत का ते बघायला.
- ग्राफ पेपर. लॅपटॉप असला तरी न्या, का ते पुढे येईल.

घरी सांगितलं की मायक्रोवेव्हवर प्रयोग करतोय तर पहिला प्रश्न येतो, भाजणार तर नाही ना. ट्रान्समीटरची पॉवर दहा-पंधरा मिलीवॅटच्या घरात असते, स्वयंपाकघरातल्या ओव्हनची काहीशे वॅट असते. तरी भोंग्यात डोळा लावून बघू नका, ती सवयच नको.

## २. फटी मोजा, आणि उत्तर आधी कागदावर काढा

पहिल्या टर्नला मी इथेच आपटलो. आमची मधली पट्टी ६ सेमी रुंद आणि प्रत्येक फट १.५ सेमी. मी फॉर्म्युल्यात d = 6 टाकून मोकळा झालो. पण d म्हणजे एका फटीच्या मध्यापासून दुसऱ्या फटीच्या मध्यापर्यंतचं अंतर, म्हणजे पट्टी अधिक अर्धी फट अधिक अर्धी फट, ७.५ सेमी. चुकीच्या d ने पहिला पीक २८ डिग्रीला यायला हवा होता, माझा येत होता २२ च्या आसपास, आणि मी अर्धा तास फिरत्या हाताचा स्क्रू पिळत बसलो होतो.

फट वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा. पत्रा जरासा तिरका बसला तर वर १.५ आणि खाली १.७ असं होतं, आणि नुसत्या डोळ्याला ते दिसत नाही.

आता फॉर्म्युला:

```
I = I0 · cos²(π d sinθ / λ) · [ sin(β) / β ]²,   β = π a sinθ / λ
```

यातला पहिला तुकडा दोन फटींच्या लहरी एकमेकांत मिसळण्याचा, दुसरा एका फटीच्या स्वतःच्या पसरण्याचा, a म्हणजे फटीची रुंदी. λ = 2.85, d = 7.5, a = 1.5 टाकलं की मधला पीक शून्यावर, पहिला २२.३ डिग्रीला, दुसरा ४९.५ ला, आणि मधले खड्डे ११ आणि ३४.७ डिग्रीला येतात. खड्डे म्हणजे मिनिमा, आमच्या बॅचमध्ये सगळे खड्डेच म्हणायचे.

हे पाच आकडे वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून मगच मशीन चालू करा. प्रकाशावर हा प्रयोग करताना पट्टे आधी भिंतीवर दिसतात, मग आपण मोजतो. इथे डोळ्याला काहीच दिसत नाही, फक्त एक काटा हलतो, त्यामुळे काटा कुठे पडायला हवा हे माहीत नसेल तर चूक होतेय हे कळायला मार्गच नाही.

अजून एक गोष्ट इथेच बघून ठेवा. फट १.५ सेमी, लहर २.८५ सेमी, म्हणजे फट लहरीपेक्षा अर्धीच. सिंगल स्लिटचा मिनिमा यायला sinθ = 1.9 लागेल, जे शक्यच नाही. त्यामुळे लेसरच्या प्रॅक्टिकलला दिसतात तशा "गायब झालेल्या ऑर्डर" इथे शोधू नका. एक्स्टर्नलचा आवडता प्रश्न आहे हा.

## ३. मांडणी

ट्रान्समीटर चालू करून पंधरा मिनिटं सोडून द्या, तोवर मांडणी करा. गार असताना रीडिंग हळूहळू सरकत राहतं. रिसीव्हर बॅटरीवर चालत असेल तर बॅटरीचं लाइट आधी बघा.

दोन्ही भोंगे सारख्याच पोझिशनला, म्हणजे दोन्हीच्या मागच्या डायलवर शून्य. ट्रान्समीटर स्लिटपासून साधारण ५० सेमी, रिसीव्हर दुसऱ्या बाजूला ६० सेमी. यापेक्षा जवळ घेतलं तर भोंगे आणि पत्रा यांच्यामध्ये लहरी पुढे-मागे आपटत राहतात, फार लांब नेलं तर बीम पसरून पत्र्याच्या बाहेरून वळसा घालून येतो.

दोन गोष्टी मात्र खरंच काटेकोरपणे करा, बाकी इकडे तिकडे चालतं.

पहिली, मधल्या पट्टीचा मध्य आणि पत्र्याचा प्लेन फिरत्या हाताच्या खिळ्याच्या बरोब्बर वर हवा. आमचा स्टँड खिळ्यापेक्षा पाच सेंटिमीटर ट्रान्समीटरच्या बाजूला बसला होता. दिसायला काहीच नाही, पण मग स्केलवरचा अँगल आणि स्लिटपासूनचा खरा अँगल वेगळे पडतात. हात २२.३ डिग्रीवर असतो तेव्हा स्लिटवरून पाहिलं तर रिसीव्हर २०.६ ला असतो, त्यामुळे पीक स्केलवर २४ च्या पुढे सरकलेला दिसतो. दोन्ही बाजूंना सारखाच सरकतो, म्हणून सिमेट्री बघून ही चूक पकडता येत नाही. दोरा धरून आधीच बघून घ्या.

दुसरी, ट्रान्समीटर मध्यरेषेवर हवा. तो ५० सेमीवर एक सेंटिमीटर डावीकडे सरकला तरी सगळा पॅटर्न उजवीकडे सव्वा डिग्रीच्या आसपास सरकतो, कारण आता दोन फटींपर्यंत लहर एकाच वेळी पोचत नाही. ही चूक पकडायला सोपी आहे, मधला पीक शून्याऐवजी एक-दीड डिग्रीवर दिसतो. दिसला तर ट्रान्समीटर सरकवा, ग्राफ सरकवू नका.

बरेच जण विचारतात की रिसीव्हर इतक्या जवळ असताना लांबचा फॉर्म्युला कसा चालतो. मीही घाबरलो होतो, म्हणून हिशोब करून पाहिला. ६० सेमीवर, पहिल्या पीकच्या अँगलला, दोन फटींपासूनची अंतरं पायथागोरसने काढली तर ५८.६८ आणि ६१.५२ सेमी येतात, फरक २.८४ आणि थोडं. फॉर्म्युला म्हणतो २.८५. म्हणजे काहीच फरक नाही. ३० सेमीवर आणलं तरी फरक एका टक्क्याच्या आतच आहे. जवळ असल्यामुळे येणारी चूक दोन्ही फटींच्या अंतरात जवळपास सारखी येते आणि वजाबाकीत उडून जाते. तेव्हा पीक चुकीच्या जागी आला की "फ्रॉनहॉफर लागू नाही" असं जर्नलमध्ये लिहू नका, सर लोक तिथेच पकडतात.

## ४. मीटर काय मोजतो ते आधी शोधा

मॅन्युअल कोणी वाचत नाही, पण त्यात एक वाक्य असतं की मीटरचं रीडिंग ना फील्डच्या प्रमाणात, ना इंटेन्सिटीच्या, कुठेतरी मधलं. कारण आत बसलेला डायोड. सिग्नल अगदी कमी असेल तर डायोड पॉवरच्या प्रमाणात करंट देतो, म्हणजे फील्डच्या वर्गाच्या. सिग्नल वाढत गेला की तो फील्डच्या प्रमाणात द्यायला लागतो. आपण नेमके या दोघांच्या मध्ये असतो.

म्हणून कॅलिब्रेशन. यासाठी वेगळं काही लागत नाही. स्लिट जागेवरच ठेवा, हात शून्यावर, म्हणजे मधल्या पीकवर. आता रिसीव्हरचा भोंगा त्याच्या स्वतःच्या अक्षाभोवती तिरका करत जा, मागच्या डायलवर बघून. भोंगा एकाच दिशेचं फील्ड पकडतो, त्यामुळे φ इतका तिरका केला की त्याला मिळणारी इंटेन्सिटी cos²φ होते. ही आपल्याला पक्की माहीत असलेली इंटेन्सिटी झाली. मीटर काय म्हणतो ते तिच्याशी लावून बघायचं.

आमची रीडिंग सरळ असतानाच्या रीडिंगने भागल्यावर अशी आली: ३० डिग्रीला खरी इंटेन्सिटी ०.७५, मीटर म्हणाला ०.८०. ४५ ला खरी ०.५०, मीटर ०.६०. ६० ला खरी ०.२५, मीटर ०.३५. मीटर प्रत्येक वेळी जास्तच सांगतोय, आणि सिग्नल जितका कमी तितकं जास्त फुगवून.

आता हे लॉग-लॉग ग्राफवर टाका (म्हणून ग्राफ पेपर), स्लोप आला जवळपास ०.७५. म्हणजे

```
M = I^n,   n ≈ 0.75      →      I = M^(1/n) = M^1.33
```

स्लोप १ आला असता तर मीटर सरळ इंटेन्सिटी दाखवतोय, ०.५ आला असता तर फील्ड. पुढचं प्रत्येक रीडिंग १.३३ च्या घातात नेऊनच वापरायचं.

तीन सावधगिऱ्या. हे कॅलिब्रेशन स्लिट काढून, भोंगे सरळ समोरासमोर ठेवून करू नका, कारण तेव्हा सिग्नल खूप जास्त असतो आणि डायोड वेगळ्याच भागात काम करतो, तिथला n इथे चालत नाही. सत्तर डिग्रीच्या पुढचे पॉइंट घेऊ नका, तिथे इकडून तिकडून आलेला कचराच जास्त असतो. आणि अंतर वाढवत जाऊन कॅलिब्रेशन करायचा मोह टाळा. रिसीव्हर मागे नेत गेलात की रीडिंग सरळ कमी होत नाही, दर १.४ सेमीला वर खाली होतं, कारण दोन भोंग्यांच्या मध्ये स्टँडिंग वेव्ह तयार होते. त्या लाटांवरून काढलेला n कशाचाच नसतो.

## ५. फॉइल टेस्ट

मला हा सगळ्यात आवडलेला भाग, दहा मिनिटांत होतो आणि बहुतेक बॅचेस करतच नाहीत.

आधी दोन्ही फटी फॉइलने झाका, कडेला टेप लावा, काटा जवळपास शून्यावर यायला हवा. नाही आला तर लहरी पत्र्याच्या वरून किंवा बाजूने वळसा घालून येतायत. आमच्याकडे पत्रा टेबलावर ठेवतो तिथे खाली बोटभर फट होती, तिथून येत होत्या. फॉइलची घडी खाली सरकवली, काटा पडला.

मग फक्त डावी फट उघडा, रीडिंग घ्या. मग ती झाकून फक्त उजवी. दोन्ही जवळपास सारखी यायला हवीत. आमची डावी ०.३६ आणि उजवी ०.३४ आली, दोन्ही उघड्या असतानाच्या रीडिंगला १ धरून.

आता इथे थांबून बघा. दोन फटी उघड्या असताना मधल्या पीकवर फील्ड दुप्पट होतं, म्हणून इंटेन्सिटी चौपट. म्हणजे एका फटीची इंटेन्सिटी ०.२५ यायला हवी. मीटर ०.३५ सांगतोय, पण आपला n वापरला तर ०.२५ च्या इंटेन्सिटीला मीटरने ०.३५ च दाखवायला हवं. ६० डिग्रीच्या कॅलिब्रेशनमध्ये आलेला तोच आकडा. दोन अगदी वेगळ्या रस्त्यांनी एकच उत्तर आलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे यंत्र खरं बोलतंय. एक फट झाकल्याने शेजारच्या फटीच्या कडेच्या करंटवर थोडा परिणाम होतोच, त्यामुळे अगदी दशांशापर्यंत जुळायची अपेक्षा नको.

डावी आणि उजवी खूप वेगळी आली तर ट्रान्समीटरचं तोंड तिरकं आहे किंवा फटी सारख्या नाहीत. पण थोड्याशा फरकाने घाबरू नका. एका फटीचं फील्ड दुसरीच्या ८० टक्केच असलं तरी खड्ड्यातली इंटेन्सिटी पीकच्या फक्त सव्वा टक्का राहते. खड्डा खूपच उथळ येत असेल तर दोष बहुतेक वेळा फटींचा नसतो, खोलीचा असतो. त्यावर पुढे येतोच.

## ६. रीडिंग

शून्यावरून उजवीकडे ६० पर्यंत, परत शून्यावर, मग डावीकडे ६० पर्यंत, परत शून्यावर. दर वेळी शून्यावरचं रीडिंग लिहा. ते बदललं असेल तर ट्रान्समीटरची पॉवर सरकतेय, त्या फेरीची रीडिंग त्याच्या प्रमाणात ठीक करता येतात.

साधारण दोन दोन डिग्रीने चालतं, पण खड्ड्यांजवळ एक एक डिग्रीने घ्या. पीक वरून सपाट असतो, एक डिग्री इकडे तिकडे झालं तरी काटा फारसा हलत नाही, म्हणून पीकची जागा काट्याच्या सर्वोच्च आकड्यावरून ठरवू नका. दोन्ही उतारांवर सारखं रीडिंग देणारे अँगल शोधा आणि त्यांचा मध्य घ्या.

स्टँडिंग वेव्हचा त्रास कमी करायला प्रत्येक पीक आणि खड्ड्याला एक जास्तीचं रीडिंग घ्या: रिसीव्हर हातावरच ७ मिलिमीटर मागे सरकवून. तो साधारण पाव वेव्हलेंथ होतो, म्हणजे जिथे आधी वाढवून दाखवत होता तिथे आता कमी दाखवेल. दोघांची सरासरी लिहा. सगळ्या साठ-सत्तर पॉइंटला हे करायला जाऊ नका, मामा लॅब बंद करायला येतात.

आणि उभं कुठे राहायचं ते ठरवा. माणूस म्हणजे पाण्याने भरलेली पिशवीच, मायक्रोवेव्ह मस्त परत फिरवतो. पार्टनर रीडिंग वाचायला वाकला की काटा हलायचा. शेवटी आम्ही ट्रान्समीटरच्या मागे जमिनीवर खडूने फुली मारली आणि रीडिंग घेताना दोघांनी तिथेच उभं राहायचं असं ठरवलं, आकडा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून झूम करून वाचायचो. डोक्यावरचा पंखाही बंद, पाती फिरतात तसा काटा थरथरतो. मे महिना होता, पण इलाज नाही.

## ७. थिअरीशी जुळवणी

आधी फक्त जागा बघा, उंची नंतर. आमचे पहिले पीक उजवीकडे २२ आणि डावीकडे २३ ला आले. दोन्हीची सरासरी २२.५ घेतली, त्याचा साइन ०.३८३, गुणिले ७.५, वेव्हलेंथ आली २.८७ सेमी. दुसरे पीक ४८ आणि ५० ला, सरासरी ४९, त्यावरून २.८३. खरी २.८५. अँगलमध्ये एका डिग्रीची शंका धरली तर पहिल्या पीकवरून येणारी वेव्हलेंथ चार टक्क्यांनी इकडे तिकडे होऊ शकते, त्यामुळे ही उत्तरं अगदी हवी तिथे आहेत. डाव्या-उजव्याची सरासरी घ्यायची कारण शून्याची खूण अर्धा डिग्री चुकली असली तर ती त्यातच उडते.

पूर्ण कर्व्ह काढायला एवढं पुरे:

```python
import numpy as np
lam, d, a, n = 2.85, 7.5, 1.5, 0.75
s = np.sin(np.radians(np.arange(-60, 61)))
I_th = np.cos(np.pi*d*s/lam)**2 * np.sinc(a*s/lam)**2
I_exp = np.array(M)**(1/n)      # M: मोजलेली रीडिंग, शून्यावरच्या रीडिंगने भागून; ही यादी या ओळीच्या आधी स्वतः भरा
```

`np.sinc` मध्ये पाय आधीच आत असतो, परत गुणू नका. माझ्या एका मित्राने गुणला होता आणि त्याला "गायब ऑर्डर" सापडल्याचा आनंद दोन दिवस टिकला.

आता उंची. इथे गंमत आहे. पहिल्या उजव्या पीकचं रीडिंग ०.८४ आलं, दुरुस्त करून इंटेन्सिटी ०.७९. फॉर्म्युला म्हणतो ०.८८. दुसऱ्या पीकचं रीडिंग ०.४३, दुरुस्त करून ०.३२. फॉर्म्युला म्हणतो ०.५७! आणि दुरुस्ती न करता कच्चं ०.४३ च ग्राफवर टाकलं असतं तर? फरक कमी दिसला असता आणि मी खूश झालो असतो, चुकीच्या कारणासाठी.

मग फरक कसला? तो फॉर्म्युला असं धरून चालतो की फटीच्या आत फील्ड सगळीकडे सारखं आहे आणि फट लहरीपेक्षा बरीच मोठी आहे. इथे दोन्ही खोटं आहे. आपलं फील्ड उभं, फटही उभी, म्हणजे फील्ड धातूच्या कडेला समांतर. धातूला समांतर फील्ड कडेवर शून्य व्हावंच लागतं, त्यामुळे फटीत ते मध्ये जास्त आणि कडांना कमी असं बसतं. शिवाय अशा फटीतून बाजूला जाणारं फील्ड cosθ ने कमी होत जातं, जे आपल्या फॉर्म्युल्यात नाहीच. साध्या फॉर्म्युल्याला cos²θ ने गुणून पाहिलं तर दुसऱ्या पीकसाठी ०.२४ येतं. कडांना फील्ड कमी आहे हे धरलं की फट आणखी अरुंद असल्यासारखी वागते, बाजूला जास्त पसरते, आणि आकडा ०.२४ वरून पुन्हा वर येतो. आमचं ०.३२ हे ०.२४ आणि ०.५७ च्या मध्ये पडलं, बरोबर जिथे पडायला हवं तिथे.

वेळ असेल तर दोन्ही भोंगे ९० डिग्री फिरवून, फील्ड आडवं करून पुन्हा एक फेरी घ्या. पीकच्या जागा त्याच राहतात, कारण त्या फक्त d आणि λ वर ठरतात, पण उंचीचा उतार बदलतो. जर्नलमध्ये हे दोन ग्राफ एकावर एक काढले की पुढचं फार बोलावं लागत नाही.

## ८. डावं-उजवं जुळत नसेल तर

आमच्या दुसऱ्या टर्नची गोष्ट. उजवीकडचा खड्डा छान खोल, रीडिंग ०.०३. डावीकडचा ०.०८ च्या खाली जाईना, आणि डावा पीक चक्क १.०२, म्हणजे मधल्यापेक्षा उंच! दोन फटींच्या थिअरीत बाजूचा पीक मधल्यापेक्षा मोठा असूच शकत नाही, म्हणजे बाहेरून काहीतरी येतंय.

डावीकडे दीड मीटरवर लोखंडी कपाट होतं. वाटतं की तिथून परत आलेला सिग्नल किती असणार, एक टक्का? पण एक टक्का पॉवर म्हणजे दहा टक्के फील्ड, आणि मिसळतात ती फील्ड्स. पीकवर १ मध्ये ०.१ मिळवून वर्ग केला तर १.२१, वजा करून केला तर ०.८१. एका टक्क्याने पीक वीस टक्क्यांनी हलतो. खड्ड्यात मात्र त्याच ०.१ चा वर्ग, नुसता एक टक्का.

हे ओळखायचं कसं? संशय असलेल्या वस्तूच्या समोर एक पत्रा धरून तो पुढे मागे हलवा. काटा जागेवर राहिला तर ती वस्तू निर्दोष. काटा झोके घ्यायला लागला तर रस्ता सापडला. आम्ही कपाट हलवू शकत नव्हतो (आत कुणाच्या तरी पीएच.डी.चे जुने नमुने होते, हात लावला तर ओरडा), म्हणून अख्खं टेबलच फिरवलं, कपाट ट्रान्समीटरच्या पाठीमागे जाईल असं. दोरा लावून मांडणी पुन्हा पहिल्यापासून, फॉइल टेस्ट पुन्हा, आणि मग डावा खड्डा ०.०४ वर आला, डावा पीक ०.८६ वर. ते जुनं पान मी फाडलं नाही, जर्नलमध्ये नवीन पानाच्या आधी तसंच लावलं, बाजूला पेन्सिलने कपाटाची जागा काढून. व्हायवाला मॅडमनी सगळ्यात जास्त प्रश्न त्याच पानावर विचारले.